मेगाबक्सचा मीटर: 3 डॉलरच्या डावांतून कोटींचा जॅकपॉट कसा साठतो आणि तो इतका क्वचित का लागतो

21 मार्च 2003 रोजी लास व्हेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत एका स्लॉट मशीनवर तीन सारखी चिन्हे एका रेषेत आली आणि 3 कोटी 97 लाख 13 हजार 982 डॉलरचा जॅकपॉट लागला. मशीनचे नाव मेगाबक्स. खेळणारा लॉस एंजेलिसचा पंचविशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर होता आणि बातम्यांनुसार त्याने मशीनमध्ये साधारण 100 डॉलर घातले होते. ही बातमी जगभर फिरली, आणि तिच्यातला 100 डॉलरचा तपशीलच लोकांच्या लक्षात राहिला. तो खरा असला तरी त्यातून काहीच कळत नाही. एवढी रक्कम आली कुठून, हे समजायला त्या इंजिनिअरचे 100 डॉलर बाजूला ठेवावे लागतात आणि त्याच्या आधी नेवाडा राज्यभर त्याच नावाच्या मशीनसमोर बसून गेलेल्या माणसांचे पैसे मोजावे लागतात.

मेगाबक्स हा या प्रकारातला मूळ पुरुष. आयजीटी या मशीन बनवणाऱ्या कंपनीने 1986 च्या मार्चमध्ये तो नेवाडात सुरू केला. त्याआधीही वाढत जाणारे जॅकपॉट होते, पण ते एकाच मशीनवर किंवा एकाच कॅसिनोतल्या शेजारी-शेजारी मांडलेल्या मशीनवर. मेगाबक्सने वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या गावांतल्या कॅसिनोंमधली मशीन टेलिफोन वाहिन्यांनी एका मध्यवर्ती संगणकाला जोडली. रेनोत कोणी डाव खेळला की लास व्हेगासमधल्या मशीनवरचा मीटर, म्हणजे जॅकपॉटचा मोठा आकडाही किंचित वर सरकायचा. पहिला जॅकपॉट लागायला जवळजवळ अकरा महिने लागले: फेब्रुवारी 1987 मध्ये रेनोच्या हॅराज कॅसिनोत, सुमारे 50 लाख डॉलर.

इतक्या मशीन जोडण्याची गरज का पडली? व्यस्त मशीनवर दिवसाला 2,000 डाव होतात असे धरू. मेगाबक्सचा वरचा जॅकपॉट सरासरी 4 कोटी 98 लाख डावांत एकदा लागतो (हा आकडा कुठून येतो ते पुढे पाहू). म्हणजे एकट्या मशीनला तिथवर पोहोचायला सरासरी 68 वर्षे लागतील. तेवढी वर्षे एखादे मशीन टिकतही नाही, आणि 68 वर्षांत एकदा लागणाऱ्या बक्षिसासाठी कोणी रांग लावणार नाही. पण राज्यभरची मशीन मिळून दिवसाला दीड लाख डाव होत असतील, तर सरासरी 332 दिवसांत, म्हणजे वर्षाच्या आत-बाहेर एक जॅकपॉट लागतो. बातमी छापायला आणि पाहणाऱ्याच्या मनात आशा जिवंत ठेवायला एवढे पुरते. जोडणीने खेळणाऱ्याची शक्यता कणभरही वाढत नाही. वाढतो तो फक्त कोणाला तरी लागण्याचा वेग.

आपल्याकडे एकत्र पैसे साठवण्याची ओळखीची रीत म्हणजे भिशी, आणि मेगाबक्सचा हिशेब सांगताना लोक तिचेच उदाहरण देतात. साम्य आहे, पण अर्ध्यावर संपते. भिशीत वीस जणांनी पैसे टाकले तर वीस महिन्यांत प्रत्येकाचा नंबर येतो आणि चिठ्ठी फक्त क्रम ठरवते. इथे नंबर कधीच लागत नाही. तुमचे आजवरचे डाव कोणत्याही वहीत मांडलेले नसतात. भिशी चालवणारा सहसा त्यातून काही कापून घेत नाही. इथे मात्र प्रत्येक डावातून आधी कापले जाते आणि उरलेले साठवले जाते.

3 डॉलर कुठे कुठे जातात

मेगाबक्सच्या मोठ्या जॅकपॉटसाठी तिन्ही क्रेडिट लावावी लागतात, म्हणजे एका डावाचे 3 डॉलर. एक किंवा दोन क्रेडिटवर तीच तीन चिन्हे आली तरी मीटरवरची रक्कम मिळत नाही, कोष्टकात छापलेले लहान बक्षीस मिळते. हे न वाचता खेळणे ही सर्वांत महाग चूक आहे, आणि ती टाळायला फक्त मशीनच्या काचेवरची ओळ वाचावी लागते.

हे 3 डॉलर चार वाटांनी जातात. सर्वांत मोठी वाट लहान-मध्यम बक्षिसांची, जी मशीन त्याच जागी देत राहते. दुसरी वाट मीटरची: प्रत्येक डावातला ठरावीक टक्का डोक्यावर झळकणाऱ्या आकड्यात भरतो. तिसरी वाट डोळ्यांना दिसत नाही आणि तीच समजून घेण्यासारखी आहे. जॅकपॉट लागला की मीटर शून्यावर जात नाही, मेगाबक्समध्ये तो 1 कोटी डॉलरपासून पुन्हा सुरू होतो. हे 1 कोटी कोणी दान करत नाही. ते 4,98,36,032 डावांवर पसरले तर प्रत्येक डावाच्या वाट्याला 20 सेंट येतात. म्हणजे पुढच्या जॅकपॉटची सुरुवातीची रक्कम उभी राहावी म्हणून प्रत्येक खेळणाऱ्याच्या 3 डॉलरमधून सरासरी 20 सेंट बाजूला पडायलाच हवेत. मीटर तेव्हा त्या सेंटांनी वर सरकत नाही, म्हणून ते कोणाला जाणवत नाहीत. चौथी वाट कॅसिनोची आणि नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीची.

मीटरमध्ये नेमका किती टक्का जातो हे प्रत्येक खेळानुसार ठरते. गणित डोळ्यांपुढे यावे म्हणून इथे 10 टक्के, म्हणजे डावामागे 30 सेंट धरू, आणि लहान बक्षिसांतून 70 टक्के, म्हणजे 2 डॉलर 10 सेंट परत जातात असे मानू. हे दोन टक्के गृहीत आहेत. डावामागची रक्कम आणि शक्यता खऱ्या आहेत. मग 3 डॉलरमधून 2.10 लहान बक्षिसांना, 0.30 मीटरला, 0.20 पुढच्या सुरुवातीच्या रकमेला, आणि 0.40 चालवणाऱ्यांना. मीटर दिवसाला दीड लाख डावांवर 45,000 डॉलरने वाढतो, आणि जॅकपॉट सरासरी अडीच कोटी डॉलरच्या आसपास येतो: 1 कोटी सुरुवातीचे आणि दीड कोटी साठलेले.

आता याच हिशेबाची उलटी बाजू पाहा, कारण बक्षीस दुर्मीळ का आहे याचे उत्तर तिथेच आहे. जॅकपॉटच्या नावाने एका डावातून 50 सेंट निघतात. त्या 50 सेंटांतून अडीच कोटी डॉलर उभे करायचे असतील तर 5 कोटी डाव हवेतच. मशीन बनवणाऱ्याने जॅकपॉट दहापट जास्त वेळा, 50 लाख डावांत एकदा लागेल असे केले, तर त्याच 50 सेंटांत बक्षीस सरासरी 25 लाखच बसेल. बक्षीस मोठे ठेवायचे आणि वारंवारही द्यायचे, तर डावामागे जास्त पैसे घ्यावे लागतील किंवा लहान बक्षिसे कापावी लागतील. दोन्हींत माणसे मशीनसमोरून उठतात. दर्शनी रक्कम आणि ती लागण्याची विरळता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. फलकावर 1 कोटीच्या वरचा आकडा पाहिला आणि डावाची किंमत 3 डॉलर असेल, तर शक्यता कोट्यवधीत एक असणार हे मशीन न उघडता सांगता येते. कुठल्याही अशा खेळाला हा भागाकार लावून पाहावा: फलकावरची सरासरी रक्कम भागिले एका डावातून तिच्यासाठी निघणारे पैसे.

368 थांबे

आता 4 कोटी 98 लाखांचा आकडा. जुन्या यांत्रिक मशीनमध्ये चिन्हे काढलेल्या फिरणाऱ्या चाकावर, म्हणजे रीलवर, साधारण 22 थांबे असत. समजा प्रत्येक रीलवर जॅकपॉटचे चिन्ह एकदाच आहे, तर तिन्ही रील त्यावर थांबण्याची शक्यता 22 × 22 × 22, म्हणजे 10,648 त एक. डोळ्यांनी मोजले तर आजही हाच आकडा मनात येतो, कारण समोर दिसणारी रील तेवढीच आहे. पण 1984 मध्ये इंगे टेल्नेस यांच्या पेटंटने रस्ता बदलला. मशीनमधला संगणक आधी एक यादृच्छिक आकडा काढतो, तो आकडा स्मृतीत ठेवलेल्या लांबलचक आभासी रीलवरचा एक थांबा दाखवतो आणि त्या थांब्यावरून दिसणारी रील कुठे थांबवायची हे ठरते. आभासी रीलवरचे अनेक थांबे दिसणाऱ्या रीलवरच्या एकाच जागेला जोडता येतात. त्यामुळे दिसणाऱ्या रीलवरच्या सगळ्या जागा सारख्या वेळा येत नाहीत.

मेगाबक्सच्या आभासी रीलवर 368 थांबे आहेत आणि त्यांतला एकच थांबा मेगाबक्सच्या चिन्हाकडे जातो, तिन्ही रीलवर. 368 × 368 × 368 = 4,98,36,032. डोळ्यांना 10,648 त एक वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात तिच्यापेक्षा 4,680 पट दुर्मीळ आहे. चिन्ह दिसते तेवढेच मोठे, तेवढ्याच ठिकाणी. बदलली आहे ती त्याच्या मागची थांब्यांची मांडणी.

जवळून पाहा. रीलवर जॅकपॉटच्या चिन्हाच्या वर एक रिकामी जागा आणि खाली एक रिकामी जागा असते. समजा 368 पैकी 30-30 थांबे या दोन रिकाम्या जागांना दिले. मग रील चिन्हावर थांबण्याची शक्यता 368 त एक, पण चिन्ह रेषेच्या अगदी वर किंवा अगदी खाली दिसण्याची शक्यता 368 त 60, म्हणजे साधारण सहात एक. खेळणारा दर पाच-सहा डावांत एकेका रीलवर मोठे चिन्ह केसाच्या अंतराने चुकताना पाहतो. त्याला वाटते, थोडक्यात हुकले. ते थोडक्यात हुकलेले नसते. आकडा निघाला त्याच क्षणी डाव संपलेला असतो आणि रील फक्त तो निकाल चित्रात दाखवते. हरलेला डाव ठरवल्यावर मुद्दाम खोटे "जवळ आले होते" असे चित्र घालण्याला नेवाडाच्या नियामकांनी पुढे मनाई केली, पण आभासी रीलवर थांबे कमी-जास्त वाटण्याला मनाई नाही. मला यात खेळणाऱ्याच्या बाजूने सर्वांत अन्यायाचा भाग हाच वाटतो: रीलवरची चिन्हे मोजून काही कळेल अशी साधी समजूत, जी शतकभर बरोबर होती, ती मोडली आणि डोळ्यांसमोरचे चित्र मात्र तसेच ठेवले.

वाट पाहिल्याने काही जमा होत नाही

मीटर वाढतो आहे, बरेच दिवस लागलेला नाही, म्हणजे आता लागेल, असे अनेकांना वाटते. मीटर आणि निकाल यांचा एकमेकांशी संबंध नाही. प्रत्येक डावाला आकडा नव्याने निघतो, मग मीटर 1 कोटीवर असो वा साडेतीन कोटींवर. याचे सर्वांत बोलके उदाहरण एका गृहस्थाचे आहे, ज्यांना 1989 मध्ये मिराज कॅसिनोत मेगाबक्सचा 46 लाख डॉलरचा जॅकपॉट लागला आणि 2005 मध्ये कॅनरी कॅसिनोत तोच दुसऱ्यांदा, 2 कोटी 11 लाखांचा. मशीनला पहिल्याची आठवण असती तर त्यांना दुसरा लागला नसता. ज्यांना कधी लागला नाही त्यांचीही आठवण त्याला नसते.

या विसराळूपणामुळे एक विचित्र परिणाम दिसतो. रोज आठ तास, तासाला 600 डाव या वेगाने कोणी एक दिवसही सुट्टी न घेता खेळले, तर 4,98,36,032 डाव पूर्ण व्हायला 28 वर्षे लागतील. एवढे करूनही जॅकपॉट न लागण्याची शक्यता 37 टक्के राहते. "सरासरी इतक्या डावांत एकदा" याचा अर्थ "इतक्या डावांनंतर नक्की" असा होत नाही. आणि तेवढ्या डावांसाठी लावलेली रक्कम होते 14 कोटी 95 लाख डॉलर, म्हणजे 2003 च्या विक्रमी जॅकपॉटच्या जवळजवळ चौपट.

2003 चा आकडा इतका फुगला त्याचेही हेच कारण. वरच्याच गृहीतांवर, आजची 1 कोटीची सुरुवात धरून, मीटर 3 कोटी 97 लाखांवर पोहोचायला 2 कोटी 97 लाखांची भर लागते, म्हणजे जवळजवळ 10 कोटी डाव जॅकपॉटशिवाय जावे लागतात. सरासरीच्या दुप्पट काळ कोरडा जाण्याची शक्यता 14 टक्क्यांच्या आसपास निघते, सातात एक. ते काही दैवी घडणे नव्हते. पुरेशा वर्षांत एखादा मीटर असा फुगतोच, आणि आपल्याला आठवतो तो नेमका तोच.

आणि 100 डॉलर? त्यात 3 डॉलरचे 33 डाव बसतात. लहान बक्षिसे पुन्हा लावली तर आणखी काही. 33 डावांत जॅकपॉट लागण्याची शक्यता 15 लाखांत एक. त्याच्यासारखे 100 डॉलर घेऊन बसलेले आणि उठून गेलेले लाखो लोक बातमीत नसतात, पण मीटरमध्ये असतात.

मीटरवरचा डॉलर पूर्ण डॉलर नसतो

फलकावरची रक्कम एकरकमी मिळत नाही. मेगाबक्सचा वरचा जॅकपॉट 25 वार्षिक हप्त्यांत दिला जातो. एकदम पैसे हवे असतील तर साधारण 60 टक्के रक्कम घेऊन बाकीवर पाणी सोडावे लागते. 2003 च्या जॅकपॉटचे 25 समान भाग केले तर वर्षाला 15 लाख 88 हजार डॉलर होतात. आजचा डॉलर आणि पंचवीस वर्षांनंतरचा डॉलर एकच नसतो हे घराचे कर्ज फेडणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता वरच्या 50 सेंटांकडे पुन्हा पाहा. मीटर आणि सुरुवातीची रक्कम मिळून डावामागे 50 सेंट दाखवले, पण देणाऱ्याला आज लागणारे पैसे त्याच्या 60 टक्के, म्हणजे 30 सेंट. उरलेले 20 सेंट 25 वर्षांच्या व्याजातून निघतात. मग 3 डॉलरमधले चालवणाऱ्यांकडे राहणारे 40 सेंट प्रत्यक्षात 60 सेंट होतात. फलकावरचा आकडा फुगवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे हप्ते लांबवणे.

मीटर किती वाढला की डाव खेळणाऱ्याच्या फायद्याचा होतो, हा प्रश्न जाणकार खेळाडू नेहमी विचारतात. आपल्या गृहीतांवर लहान बक्षिसे 3 पैकी 2.10 परत देतात, म्हणजे बरोबरीला यायला जॅकपॉटने डावामागे 90 सेंट द्यायला हवेत. 90 सेंट गुणिले 4,98,36,032 म्हणजे 4 कोटी 48 लाख 50 हजार डॉलर, तेही रोख. रोख म्हणजे फलकावरच्या रकमेच्या 60 टक्के धरले तर फलकावर 7 कोटी 47 लाख दिसायला हवेत. आजवरचा विक्रम 4 कोटींच्या आतला. विक्रमाच्या दिवशीसुद्धा जॅकपॉटचा वाटा डावामागे फलकावरच्या हिशेबाने 80 सेंट आणि रोखीने 48 सेंट इतकाच होता. लहान बक्षिसांचा टक्का थोडा वर-खाली केला तरी निष्कर्ष फारसा हलत नाही.

लागल्यावर, आणि लागल्यासारखा दिसल्यावर

जॅकपॉट लागला की मशीन कुलूपबंद होते आणि दिवे लागतात. त्यानंतर लगेच पैसे येत नाहीत. कॅसिनोचा कर्मचारी, नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ आणि गरजेप्रमाणे नियामक येतात. शेवटच्या डावांची नोंद काढतात, यादृच्छिक आकडा खरोखर त्या चिन्हांचा होता का ते पाहतात, मशीनमधला प्रोग्रॅम मंजूर झालेलाच आहे ना याची खूण जुळवतात, त्या क्षणी मध्यवर्ती संगणकावर मीटर किती होता ते ताडून पाहतात. ओळखपत्र आणि कराचे कागद होतात. मगच रक्कम खेळणाऱ्याची. पैसे कॅसिनोच्या गल्ल्यातून येत नाहीत, नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीकडून येतात, आणि त्यासाठी राखीव निधी ठेवणे नेवाडात बंधनकारक आहे.

बिघाड दोन्ही दिशांनी होतात. 8 जानेवारी 2022 रोजी लास व्हेगासच्या ट्रेझर आयलंड कॅसिनोत ॲरिझोनातून आलेल्या एका प्रवाशाला 2,29,368 डॉलरचा वाढता जॅकपॉट लागला, पण संपर्कातल्या दोषामुळे मशीनने तो दाखवलाच नाही. माणूस उठून घरी गेला. चूक लक्षात आल्यावर नेवाडा गेमिंग कंट्रोल बोर्डाने कित्येक तासांचे कॅमेऱ्याचे चित्रण पाहिले, इतर कॅसिनोंमधले त्याचे व्यवहार आणि त्याने राइडशेअर कंपनीच्या गाडीतून केलेल्या प्रवासाच्या नोंदी तपासल्या आणि त्याला शोधून पैसे दिले. नियामक चांगला असतो म्हणजे काय, याचे हे मला सांगण्यासारखे उदाहरण वाटते. मशीनमधली नोंद आणि माणूस यांची सांगड घालणे हे कॅसिनोवर सोडले नाही.

उलट दिशेचे प्रकरण 2000 साली नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. क्वार्टरमेनिया नावाच्या, मेगाबक्ससारख्याच जोडणीच्या मशीनवर जॅकपॉटची चिन्हे रेषेत थांबली, पण मशीनने दोष नोंदवला होता. यादृच्छिक आकडा जॅकपॉटचा नव्हता. न्यायालयाने बक्षीस नाकारल्याचा निर्णय कायम ठेवला. जवळजवळ प्रत्येक मशीनवर `MALFUNCTION VOIDS ALL PAYS AND PLAYS` ही ओळ असते ती याचसाठी. बिघाड झाला तर डाव आणि बक्षीस दोन्ही रद्द. चिन्हे जुळलेली दिसली आणि मशीनने मात्र दोष दाखवला, तर जागा सोडू नये, बटण पुन्हा दाबू नये, कारण पुढचा डाव खेळला की पडद्यावरचा पुरावा जातो. कर्मचाऱ्याला बोलवावे आणि वाद मिटला नाही तर नियामकाला कळवायला सांगावे. बक्षीस लागले की नाही, हे अशा वेळी चित्राने नाही, नोंदीने ठरते.

मराठी माणसाचा संबंध

अमेरिकेत फिरायला गेलेल्या भारतीयाला स्लॉट मशीनवर बक्षीस लागले, तर अनिवासी म्हणून 30 टक्के कर तिथेच कापून घेतला जातो. काही देशांना करारांमुळे यात सूट आहे, भारताला नाही. ब्लॅकजॅक किंवा रूलेटसारख्या काही टेबल-खेळांना ही कपात लागू नाही, स्लॉटला लागू आहे. म्हणजे वर काढलेली 7 कोटी 47 लाखांची बरोबरीची रेषा आपल्या माणसासाठी आणखी वर सरकते: फक्त जॅकपॉटवरचा कर धरला तरी फलकावर 10 कोटी 68 लाख डॉलर हवेत.

गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक जुगार यंत्रांना परवानगी मिळाली आणि नंतर जहाजांवरच्या कॅसिनोंना. पणजीला मांडवीकाठी जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाला तिथल्या मशीनवर वाढता आकडा दिसला तर तीन प्रश्न विचारावेत. आकडा याच मशीनचा आहे, या ओळीतल्या मशीनचा आहे की बाहेरच्या जोडणीचा? तो मिळण्यासाठी किती क्रेडिट लावावी लागतात? आणि रक्कम एकरकमी आहे का? आकडा फक्त आठ-दहा मशीनचा असेल तर तो लहान असतो आणि जास्त वेळा लागतो, आणि वरचा भागाकार त्यालाही तसाच लागू होतो.

ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर भारतात 2025 च्या कायद्याने बंदी आहे, तरीही परदेशी संकेतस्थळे मोबाइलवर असे वाढते जॅकपॉट दाखवत राहतात. नेवाडात मीटर, राखीव निधी आणि प्रोग्रॅमची खूण तपासणारा नियामक आहे, आणि चुकून निघून गेलेल्या माणसालाही तो शोधून काढतो. अशा संकेतस्थळावर भारतातून खेळणाऱ्याच्या मागे असे कोणी उभे नसते. पडद्यावरचा आकडा वर सरकताना दिसतो. त्यामागे पैसे आहेत की नुसते चित्र, हे खेळणाऱ्याला पडताळता येत नाही.